पाऊस तेवढाच, हवामान मात्र वेगळं

दोन गावांचे आकडे समोर ठेवतो, नावं थोडी नंतर. पहिल्या गावात वर्षाला साधारण 740 मिलिमीटर पाऊस पडतो, दुसऱ्यात 770. पहिल्या गावातल्या सर्वांत थंड आणि सर्वांत गरम महिन्याच्या सरासरी तापमानात जवळपास 10 अंशांचा फरक आहे, दुसऱ्यात 12 अंशांचा. एवढ्यावरून कोणीही म्हणेल की दोन्हीकडची हवा सारखीच असणार. पण जगाच्या हवामान-नकाशात पहिलं गाव कोरड्या प्रदेशांच्या गटात जातं आणि दुसरं चांगल्या ओल्या प्रदेशात. असं का, ते वर्षाच्या बेरजेवरून कधीच कळत नाही. त्यासाठी बारा महिन्यांचा आलेख लागतो.

शाळेच्या भूगोलात हवामान आलेख सगळ्यांनीच काढलेला असतो. खाली जानेवारी ते डिसेंबर, प्रत्येक महिन्याच्या पावसाचा एकेक उभा स्तंभ आणि त्यावरून जाणारी तापमानाची रेषा. एका बाजूच्या अक्षावर मिलिमीटर, दुसऱ्या बाजूच्या अक्षावर अंश. बहुतेकांचं ज्ञान आलेख काढण्यापाशीच थांबतं, तो वाचायला कोणी फारसं शिकवत नाही.

वाचायला सुरुवात रेषेपासून करावी. पहिल्या गावाची रेषा जानेवारीत 20 अंशांच्या जरा वर आहे. मार्चमध्ये ती 26 वर जाते, एप्रिलमध्ये 29 वर आणि मेमध्ये 30 वर. आणि इथे एक गंमत होते. उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी जुलै किंवा ऑगस्ट हा सर्वांत गरम महिना असतो, कारण ऊन जूनमध्ये सर्वांत जास्त मिळत असलं तरी जमीन आणि समुद्र तापायला वेळ घेतात. या गावात मात्र ऐन जूनमध्ये रेषा खाली वळते, 27 च्या आसपास येते, जुलैत 25 वर आणि ऑगस्टमध्ये आणखी अर्धा अंश खाली. डोक्यावर सूर्य असताना गाव थंड होतंय. म्हणजे मधे कोणीतरी आलंय, ढग आलेत. मेमध्ये शिखर आणि जून-जुलैत उतार दिसला की पावसाचे स्तंभ झाकून ठेवले तरी मोसमी पावसाचा देश ओळखता येतो. हे गाव पुणे. आकडे शिवाजीनगरच्या वेधशाळेचे, म्हणजे ज्या आवाराला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात तिथले, थोडे पूर्णांकांत बसवून घेतलेले.

दुसऱ्या गावाची रेषा जानेवारीत साडेअकरा अंशांवर आहे, तिथून ती सावकाश चढत जाऊन ऑगस्टमध्ये साडेतेवीसला पोचते आणि तशीच सावकाश उतरते. कुठे खोडा नाही, वळण नाही. हे पोर्तुगालची राजधानी लिस्बन.

रेषा वाचताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ती कमाल तापमानाची नसते. दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान यांची सरासरी, मग महिन्याची सरासरी, आणि मग साधारण तीस वर्षांची सरासरी, असा तो प्रवास असतो. त्यामुळे पुण्याच्या मेच्या 30 अंशांवर ‘मे महिन्यात पुण्यात फक्त तीस?’ असं कोणी विचारलं तर रागावू नये. दुपारी 37-38 आणि पहाटे 22-23, त्यांची सरासरी तीस. याच कारणाने पुण्याच्या आलेखात ऑक्टोबर हीट जवळजवळ सापडतच नाही. ऑक्टोबरात दुपारचं तापमान ऑगस्टपेक्षा तीन-चार अंशांनी वाढतं, अंगाची काहिली होते, पण आकाश मोकळं झाल्यामुळे रात्री तितक्याच थंड होतात. वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकतात आणि रेषा सप्टेंबर-ऑक्टोबर सरळच जाते. मुंबईच्या आलेखात मात्र समुद्रामुळे रात्री तेवढ्या थंड होत नाहीत, म्हणून तिथे ऑक्टोबरचा लहानसा उंचवटा स्पष्ट दिसतो.

आता स्तंभ. पुण्यात जूनमध्ये 140 मिलिमीटरच्या आसपास, जुलैत 180, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये प्रत्येकी 130, ऑक्टोबरात परतीचा 80. मे आणि नोव्हेंबरमध्ये तीस-तीस. उरलेल्या महिन्यांत स्तंभ दिसतही नाहीत इतका पाऊस. लिस्बनमध्ये याच्या नेमकं उलटं आहे: नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये प्रत्येकी सव्वाशेच्या वर, जानेवारीत 100, फेब्रुवारीत 85, आणि जुलैत जेमतेम 4 मिलिमीटर. भूमध्य सागरी हवामानाची हीच खूण: रेषा सर्वांत वर असते तेव्हा स्तंभ सर्वांत खाली.

इथे विद्यार्थ्यांना अडवणारा एक आलेख आवर्जून दाखवावासा वाटतो, केप टाउनचा. त्याचे स्तंभ जून-जुलैत सर्वांत उंच आणि डिसेंबर-जानेवारीत सर्वांत बुटके. नुसते स्तंभ पाहून आपल्याकडची मुलं हमखास ‘मोसमी’ लिहितात, कारण जूनमध्ये पाऊस म्हणजे मोसमी हे आपल्या रक्तात आहे. पण रेषा पाहिली तर ती जानेवारीत 21 अंशांच्या आसपास आणि जुलैत 12 अंशांपर्यंत खाली, मधे दरी. मधे दरी असेल तर ठिकाण दक्षिण गोलार्धातलं. तिथला जुलै म्हणजे हिवाळा, म्हणजे पाऊस हिवाळी, म्हणजे केप टाउन हा लिस्बनचा सख्खा भाऊ. महिन्याचं नाव बघायचं नाही, त्या महिन्यात रेषा कुठे आहे ते बघायचं.

आणखी एक सापळा अक्षांचा आहे. मुंबईच्या आलेखात पावसाचा अक्ष 900 पर्यंत ताणावा लागतो, लिस्बनच्या आलेखात 140 पुरतात. दोन्ही आलेख कागदावर सारख्याच उंचीचे छापले की मुंबईचा जुलै आणि लिस्बनचा नोव्हेंबर एकाच उंचीचे दिसतात. म्हणून दोन आलेखांची तुलना करण्याआधी आकडे वाचायचे, मगच चित्र पाहायचं. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख वॉल्टर आणि हेल्मुट लीथ यांनी हवामान आलेखांचा जागतिक संग्रह केला तेव्हा हा घोळ टाळण्यासाठी एक ठरीव प्रमाण वापरलं: एका अक्षावर 10 अंश जिथे, तिथेच दुसऱ्या अक्षावर 20 मिलिमीटर. म्हणजे पावसाचा आकडा तापमानाच्या दुप्पट. हे प्रमाण त्यांनी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी गोसाँ यांच्याकडून घेतलं. त्याचा फायदा असा की मग चित्र स्वतःच बोलतं. स्तंभ रेषेच्या खाली राहिला तर तो महिना कोरडा, वर गेला तर ओला.

पुण्याला हे लावून बघू. जानेवारीत 20 अंश, म्हणजे 40 मिलिमीटर पाऊस हवा, पडतो जवळजवळ शून्य: कोरडा. मेमध्ये 30 अंश, 60 मिलिमीटर हवेत, पडतात तीस: कोरडा. ऑक्टोबरात 25 अंश, 50 हवेत, पडतात 80: ओला. नोव्हेंबरमध्ये 45 हवेत, तीस मिळतात: पुन्हा कोरडा. एकूण पाच महिने ओले, सात कोरडे. लिस्बनमध्ये फक्त जून ते सप्टेंबर हे चार महिने कोरडे निघतात. मेमध्ये 18 अंशांना 36 मिलिमीटर पुरतात आणि तिथे पन्नासच्या वर पडतो. पुण्याच्या मेमध्ये तेवढा पाऊस पडला असता तरी महिना कोरडाच राहिला असता.

गोष्टीचं मर्म इथे आहे. पाऊस ही जमिनीची मिळकत आणि बाष्पीभवन हा खर्च. थंडीत पडलेल्या पावसातलं पाणी जमिनीत मुरतं, झाडांना मिळतं. उन्हाळी अर्धवर्षात पडलेल्या पावसातला बराच भाग ऊन उडवून नेतं. त्यामुळे सारखी मिळकत असलेली दोन घरं सारखीच श्रीमंत नसतात.

हा हिशेब नियमात बसवला व्लादिमीर कोपेन यांनी. 1846 मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मलेले, पुढे जर्मनीत काम केलेले कोपेन हे मुळात वनस्पतिशास्त्र शिकलेले. कोणती झाडं कुठे उगवतात यावरून त्यांनी हवामानाच्या सीमा शोधल्या, आणि 1900 पासून 1936 पर्यंत त्या पुनःपुन्हा दुरुस्त केल्या. त्यांच्या पद्धतीत पाच मुख्य गट आहेत आणि त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरं आहेत. सर्वांत थंड महिनाही 18 अंशांच्या खाली जात नसेल तर ए, म्हणजे उष्ण कटिबंधीय. सर्वांत थंड महिना 18 च्या खाली पण शून्याच्या वर असेल तर सी, म्हणजे समशीतोष्ण. त्याहून थंड तो डी. सर्वांत गरम महिनाही 10 अंशांपर्यंत पोचत नसेल तर ई, म्हणजे ध्रुवीय. ए, सी, डी आणि ई हे चार गट केवळ तापमानावर ठरतात. बी, म्हणजे शुष्क आणि निमशुष्क, हा एकटा गट पावसाच्या हिशेबावर ठरतो.

चूक इथेच होते. पुण्याचा सर्वांत थंड महिना 20 अंशांचा आहे हे बघितलं की हात आपोआप ‘ए’ लिहितो आणि पुढे कोरडा हिवाळा बघून ‘सॅव्हाना’ असं उत्तर येतं. पण ए, सी, डी यांच्याकडे जाण्याआधी बी तपासायचा असतो. कोरडेपणाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय तापमानाची अक्षरं मिळत नाहीत.

परीक्षा अशी. आधी वर्षाचं सरासरी तापमान काढायचं. मग उन्हाळी अर्धवर्षात, आपल्याकडे एप्रिल ते सप्टेंबर, वर्षाच्या पावसापैकी किती टक्के पडतो ते बघायचं. 70 टक्के किंवा जास्त असेल तर उंबरठा

(20 × तापमान) + 280

इतके मिलिमीटर. पाऊस वर्षभर विखुरलेला असेल तर 280 ऐवजी 140. आणि 70 टक्के पाऊस हिवाळी अर्धवर्षात पडत असेल तर काहीच मिळवायचं नाही, नुसतं 20 × तापमान. वर्षाचा पाऊस या उंबरठ्याच्या खाली असेल तर ठिकाण कोरडं. उंबरठ्याच्या निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंट, निम्म्याच्या वर असेल तर निमशुष्क.

पुण्याची बारा महिन्यांची सरासरी साधारण 25 अंश येते. एप्रिल ते सप्टेंबर पाऊस सुमारे 620 मिलिमीटर, म्हणजे 740 पैकी 84 टक्के. तेव्हा 20 गुणिले 25 म्हणजे 500, अधिक 280, उंबरठा 780. पाऊस 740. पुणे चाळीस मिलिमीटरने नापास. निम्मा उंबरठा 390, त्याच्या बराच वर, म्हणून वाळवंट नाही. सरासरी 18 अंशांच्या वर, म्हणून उष्ण. उत्तर: उष्ण निमशुष्क.

लिस्बनची सरासरी साधारण साडेसतरा अंश. तिथे ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत जवळपास 77 टक्के पाऊस पडतो. म्हणून काही मिळवायचं नाही, उंबरठा फक्त 350. पाऊस 770, दुपटीहून जास्त. लिस्बन मजेत उत्तीर्ण. मग तापमानाकडे: सर्वांत थंड महिना साडेअकरा अंश, म्हणून सी. जुलैचे 4 मिलिमीटर हे हिवाळ्यातल्या सव्वाशेच्या एक तृतीयांशाहून कितीतरी कमी, म्हणून कोरडा उन्हाळा. सर्वांत गरम महिना 22 अंशांच्या वर, म्हणून उन्हाळा गरम. उत्तर: गरम उन्हाळ्याचं भूमध्य सागरी हवामान.

पुण्याचे ते चाळीस मिलिमीटर मात्र डोक्यात राहायला हवेत. पुणे हे काठावरचं प्रकरण आहे. दुसऱ्या तीस वर्षांची सरासरी घेतली, ऑक्टोबरचा पाऊस जरा जास्त भरला किंवा शहराच्या पश्चिमेकडचं मापन केंद्र धरलं, तर पुणे उंबरठा ओलांडून सॅव्हानाच्या गटात जातं. म्हणूनच एका नकाशात पुणे एका रंगात आणि दुसऱ्यात दुसऱ्या रंगात दिसतं, आणि दोन्ही नकाशे काढणारे शहाणेच असतात. परीक्षेत असं ठिकाण आलं तर नुसतं अक्षर लिहिण्यापेक्षा उंबरठा आणि पाऊस दोन्ही आकडे लिहावेत. काठापासून किती दूर आहोत हे त्यातूनच कळतं.

घाट उतरून कोकणात गेलं की कोरडेपणाचा प्रश्न मिटतो, पण तिथे काठ वेगळा आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजी या सगळ्यांचा आलेख जवळपास एकाच घडणीचा: जून ते सप्टेंबर आभाळाला टेकलेले स्तंभ, आणि डिसेंबर ते एप्रिल शून्यवत. तिन्ही ‘ए’ गटातच. आता प्रश्न, मोसमी की सॅव्हाना? नुसत्या डोळ्यांनी हे ठरत नाही, कारण कोरडे महिने तिन्हीकडे तितकेच कोरडे आहेत. कोपेन इथे विचारतात की पावसाळ्यात जमिनीत इतकं पाणी साठतं का, की त्यावर सदाहरित जंगल कोरडे महिने काढू शकेल. नियम असा: वर्षाच्या पावसाला 25 ने भागायचं आणि ते 100 मधून वजा करायचं. सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस आलेल्या आकड्याइतका किंवा जास्त असेल तर मोसमी, कमी असेल तर सॅव्हाना.

कुलाब्याचा वर्षाचा पाऊस धरा 2200. भागिले 25 म्हणजे 88, शंभरातून वजा केले तर 12. कुलाब्याला कोरड्या महिन्यात 12 मिलिमीटर पडत नाहीत, म्हणून सॅव्हाना. रत्नागिरीचा पाऊस तीन हजारांच्या वर, भागाकार 120 च्या वर, वजाबाकी ऋण. शून्य पाऊसही ऋण आकड्यापेक्षा मोठाच, म्हणून मोसमी. काठ नेमका 2500 मिलिमीटरवर येतो, आणि सांताक्रूझच्या वेधशाळेचा पाऊस त्याच्याच आसपास घुटमळतो. एकाच मुंबईत दक्षिणेचं टोक सॅव्हानात आणि उपनगरं जवळपास मोसमी गटाच्या दारात. लोकल गाडीत बसून हवामानाचा प्रकार बदलता येतो, असं म्हणायला हरकत नाही.

हा आलेख काय सांगत नाही तेही बघायला हवं. स्तंभात फक्त महिन्याची बेरीज असते. तो पाऊस वीस दिवस रिमझिम पडला की दोन दिवसांत कोसळला, ते त्यात नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पुण्याच्या अख्ख्या वर्षाच्या स्तंभांची बेरीजही त्याच्याहून कमी भरते. तरी तीस वर्षांच्या सरासरीत त्या एका दिवसाचा वाटा सुमारे 31 मिलिमीटर, जुलैच्या स्तंभावर नखभर. तसंच 1972 च्या दुष्काळाचंही: सरासरी स्तंभ पाहून त्या वर्षीचं महाराष्ट्राचं चित्र कोणाला उभं करता येणार नाही.

शिवाय 280 हा आकडा सगळ्या जगासाठी एकच आहे. उन्हाळ्यात पडणारा पाऊस जास्त उडतो, हे त्यामागचं गृहीत. पण पुण्याची रेषा बघा. पाऊस पडतो तेच महिने ढगाळ, दमट आणि मेपेक्षा पाच अंशांनी थंड. जुलैत दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथे बाष्पीभवन कसलं जोरात होतंय? पुण्याची जमीन जुलैत नव्हे, मार्च ते मे या महिन्यांत सुकते, आणि तेव्हा पाऊस मुळात नसतोच. अमेरिकेच्या चार्ल्स थॉर्नथ्वेट यांनी 1948 मध्ये हाच मुद्दा धरून महिन्यागणिक बाष्पीभवनाची गरज आणि पाऊस यांचा ताळा मांडणारी पद्धत दिली. तिच्यात आकडेमोड जास्त आहे, म्हणून शाळेत कोपेनच टिकले. मोसमी देशातल्या काठावरच्या गावाचा निवाडा करायचा असेल तर मात्र कोपेनच्या उत्तराशेजारी महिन्यागणिक ओला-कोरडा हिशेबही मांडून बघावा. पुण्याच्या बाबतीत तो सात कोरडे महिने दाखवतोच, आणि ते कोणत्याही नकाशाच्या रंगापेक्षा भीमा खोऱ्यातल्या शेतकऱ्याला जास्त उपयोगाचं आहे.